लर्निंग लायसन्स मिळालं, आता पहिली गाडी रस्त्यावर: बेळगाव, खानापूर, निपाणी भागासाठी माहिती

लेखी परीक्षा पास झाली, sarathi.parivahan.gov.in वरून लर्निंग लायसन्सची प्रिंट काढली, की पुष्कळांना वाटतं आता गाडी काढायला हरकत नाही. हरकत नसते, पण त्याला अटी आहेत, आणि नेमक्या त्याच गावाकडे कुणी पाळत नाही.

परीक्षेपर्यंतचा भाग थोडक्यात. कारसाठी आणि गिअरच्या दुचाकीसाठी वय १८ पूर्ण हवं. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, फॉर्म २ मधला अर्ज आणि तब्येतीबद्दलचं स्वयंघोषणापत्र म्हणजे फॉर्म १ लागतो. वय ४० च्या वर असेल तर डॉक्टरची सही असलेला फॉर्म १ए. हातात येणारा परवाना फॉर्म ३ मध्ये असतो. तो घेतल्यावर आधी दोन गोष्टी बघा: त्यावर लिहिलेला वाहनाचा वर्ग आणि मुदतीची तारीख. फक्त दुचाकीचा वर्ग असेल तर त्याच्यावर कार चालवता येत नाही, शेजारी कितीही मुरलेला ड्रायव्हर बसला तरी.

आता अटी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला तिसरा नियम तीन गोष्टी मागतो: चालू मुदतीचं लर्निंग लायसन्स, सोबत त्याच वर्गाच्या वाहनाचं पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती, आणि गाडीच्या पुढे-मागे एल बोर्ड. बोर्ड किमान १८ सेंटिमीटर चौरस, पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षर. अक्षर १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड आणि खाली ९ सेंटिमीटर रुंद. बाजारात मिळणारे छोटे स्टिकर बऱ्याचदा या मापात बसत नाहीत. दुचाकीवर मागे फक्त शिकवणारा बसू शकतो, मित्र किंवा बहीण नाही.

सोबतच्या माणसाबद्दल नियमाचे शब्द महत्त्वाचे आहेत. त्याने गाडी ताब्यात घेऊ शकेल किंवा थांबवू शकेल अशा जागी बसायला हवं, म्हणजे कारमध्ये पुढे डाव्या सीटवर. मागच्या सीटवरून ‘ब्रेक दाब, ब्रेक दाब’ ओरडणारे काका या व्याख्येत बसत नाहीत. खासगी कारच्या विमा पॉलिसीतही लिहिलेलं असतं की शिकाऊ चालकाने हा तिसरा नियम पाळलेला असला पाहिजे. एकट्याने गाडी नेली आणि कुठे ठोकली, तर दंड वेगळा आणि विम्याचा दावा अडकतो तो वेगळा.

सीमाभागात हमखास विचारलं जातं की चंदगडच्या मामाचं महाराष्ट्राचं लायसन्स चालेल का, आणि बाचीहून पुढे शिनोळीत गाडी नेली तर? दोन्ही चालतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३ प्रमाणे लर्निंग आणि पक्कं, दोन्ही लायसन्स भारतभर लागू असतात. मामाची एमएच ०९ ची गाडीही चालते. आरसी, विमा आणि पीयूसी मुदतीत असले म्हणजे झालं. ही कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये दाखवली तरी ग्राह्य धरतात, पण लर्निंगची प्रिंट गाडीत ठेवावी.

पहिल्या सरावाला दोन सीटच्या मध्ये ओढायचा हँडब्रेक असलेली गाडी निवडा. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्यासाठी वेगळा क्लच-ब्रेक असतो. घरच्या गाडीत सोबत्याच्या हाताशी एवढा हँडब्रेकच. त्याने त्याचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढायचा, म्हणजे गाडी थांबते. जोरात गेलेल्या गाडीत एकदम खेचला तर मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी फिरू शकते. म्हणून पहिल्या दिवशी वेग ३० च्या आत ठेवा आणि पुणे-बंगळूर महामार्ग विसरा.

परीक्षेत बरोबर आलेलं उत्तर रस्त्यावर कुठे फसतं, ते एका वळणावर बघू. समजा तुम्ही उचगाव फाट्यासारख्या जोडरस्त्यावरून बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याला उजवीकडे लागणार आहात. ‘मुख्य रस्त्यावरच्या वाहनाला आधी जाऊ द्या’ हे तुम्ही परीक्षेत टिक केलेलं असतं. पण किती लांबच्या वाहनाला? नवख्या माणसाला क्लच सोडून, जवळची लेन ओलांडून पलीकडच्या लेनमध्ये मार्गी लागायला सात-आठ सेकंद जातात. ताशी ६० ने येणारी गाडी तेवढ्यात १२० ते १३० मीटर कापते. विजेच्या दोन खांबांमधलं अंतर पन्नास मीटर धरलं, तर तीन खांबांच्या आत गाडी दिसत असेल तर निघू नका. मागचा हॉर्न वाजवत राहील, वाजवू दे.

इथली नेहमीची चूक म्हणजे नजर फक्त उजवीकडे लागून राहते. उजवीकडची लेन मोकळी दिसली की क्लच सुटतो, आणि डावीकडून येणारी बस गाडी रस्त्याच्या मधोमध आल्यावर दिसते. मग पाय दचकतो आणि गाडी तिथेच बंद पडते. म्हणून आधी उजवीकडे, मग डावीकडे, आणि निघण्याच्या क्षणी पुन्हा उजवीकडे बघायचं. सोबत्याने ‘चल’ म्हणायचं नाही. ‘डावीकडे काय आहे?’ असं विचारायचं, म्हणजे बघण्याचं काम चालवणाऱ्याकडेच राहतं.

परतीला याच मुख्य रस्त्यावरून उजवीकडे गावात वळणं जास्त अवघड. पुस्तकात लिहिलंय, रस्त्याच्या मध्याजवळ या आणि वळा. पण मागचा दुचाकीवाला तुमचा वेग कमी झालेला बघून उजवीकडूनच पुढे काढतो. आरसा बघून साठ-सत्तर मीटर आधी इंडिकेटर द्या, ब्रेक दोनदा हलके दाबून मागचा दिवा लुकलुकवा, मग मध्याजवळ सरका. समोरून वाहन येत असेल तर थांबा, आणि थांबताना स्टिअरिंग सरळ ठेवा. चाकं आधीच उजवीकडे वळवून थांबलात आणि मागून कुणी धडकलं, तर गाडी थेट समोरून येणाऱ्याच्या पुढ्यात ढकलली जाते. वळायच्या आधी उजव्या खांद्यावरून मागे एक नजर टाका, कारण आरशात दिसत नाही तो दुचाकीवाला तिथे असतो. वळण घेताना कोपरा कापून जाऊ नका, गावातून निघालेली गाडी त्याच कोपऱ्यावर उभी असते.

उसाच्या हंगामात चिकोडी-निपाणी पट्ट्यात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे लागला तर पहिल्या दिवशी ओव्हरटेक करू नका, अंतर ठेवून मागे राहा. जांबोटी-चोर्ला बाजूला अरुंद चढावर समोरासमोर आलात तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची असते. तिथे सराव क्लच आणि हँडब्रेकवर चढणीत गाडी उचलता आल्यावरच.

लर्निंगची मुदत सहा महिने. पक्क्या लायसन्सची चाचणी लर्निंग मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय देता येत नाही. अर्ज आणि स्लॉट सारथीवरच घ्यायचा. चाचणीला गाडी तुम्ही न्यायची, तीही लायसन्सवरच्या वर्गाची आणि कागदपत्रांसह. चाचणीत नापास झालात तर पुन्हा देण्याइतका वेळ उरावा म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच स्लॉट धरा. सहा महिने उलटले की लर्निंग लायसन्स नव्याने काढावं लागतं, फीसकट.