लॅपटॉप २०१९ सालात अडकतो तेव्हा

सकाळी साडेनऊला भाचीचा फोन. "मामा, ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं व्हीपीएन लागतच नाहीये. नेट चालू आहे, पासवर्ड बरोबर आहे, दोनदा रीस्टार्ट करून झालं." बाळंतपणाच्या रजेत चार-पाच महिने लॅपटॉप कपाटात होता. मी म्हटलं, "खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख वाच बरं." क्षणभर शांतता. "एक जानेवारी... २०१९?"

लॅपटॉप बंद असतानाही आतलं एक छोटं घड्याळ चालू असतं. त्यातला क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यावरून वेळ मोजली जाते. त्याला वीज देतो नाण्याएवढा सेल, बहुधा सीआर२०३२. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत तो सेलही नसतो, मुख्य बॅटरीच हे काम करते. ती कपाटात पूर्ण उतरली की घड्याळ थांबतं आणि पुन्हा चार्जिंगला लावल्यावर बनवणाऱ्याने ठरवून ठेवलेल्या तारखेपासून मोजायला लागतं. भाचीच्या लॅपटॉपची ती तारीख २०१९ मधली होती.

पण तारीख चुकली म्हणून ऑफिसने दार का लावून घ्यावं? खरं तर दार लॅपटॉपच लावतो. व्हीपीएन जोडताना ऑफिसचा सर्व्हर आधी आपलं सर्टिफिकेट दाखवतो, म्हणजे ओळखपत्रच. त्यावर नाव असतं, ते देणाऱ्याची डिजिटल सही असते आणि दोन तारखा असतात: कधीपासून वैध आणि कधीपर्यंत. लॅपटॉप या तारखा स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो, कारण दुसरं घड्याळ त्याच्याकडे नाहीच. भाचीच्या ऑफिसच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट जून २०२५ मध्ये दिलेलं. २०१९ मध्ये बसलेल्या लॅपटॉपच्या लेखी ते अजून जन्मालाच आलेलं नाही. व्हीपीएनच्या लॉगमध्ये हे स्वच्छ लिहिलेलं होतं:

```
2019-01-01 00:07:12 VERIFY ERROR: depth=0, error=certificate is not yet valid
```

ओळीच्या सुरुवातीची तारीखच चोर पकडून देते. `depth=0` म्हणजे अडलेलं सर्टिफिकेट खुद्द सर्व्हरचं. त्याच्यावर सही करणाऱ्या ऑफिसच्या मूळ सर्टिफिकेटची मुदत २०१७ पासून दहा वर्षं होती, म्हणून ते २०१९ मध्येही चाललं. ते अडलं असतं तर तिथे `depth=1` दिसलं असतं.

"एवढ्याशा तारखेकडे काणाडोळा का करत नाही?" असं भाचीने वैतागून विचारलं. एखाद्या सर्टिफिकेटची गुप्त किल्ली चोरीला गेली, तर ते रद्द झालेल्यांच्या यादीत टाकतात. मुदत संपल्यावर मात्र ते यादीतून काढलं जाऊ शकतं, कारण त्यानंतर तारीखच त्याला अडवते. लॅपटॉपने तारखेकडे दुर्लक्ष केलं, तर चोरीची जुनी सर्टिफिकेटं पुन्हा चालू लागतील.

आता खरी गंमत. घड्याळ इंटरनेटवरून आपोआप दुरुस्त व्हायला हवं ना? घरच्या विंडोजमध्ये त्याला एक मर्यादा आहे: फरक १५ तासांपेक्षा जास्त असेल तर विंडोज वेळ बदलायला नकार देते. `w32tm /resync` ही वेळ जुळवायची आज्ञा दिली तर फरक फार मोठा आहे म्हणून जुळवलं नाही, असं उत्तर येतं. ऑफिसच्या लॅपटॉपची अडचण वेगळी. तो वेळ विचारतो ऑफिसमधल्या सर्व्हरला, आणि तो सर्व्हर बसलाय व्हीपीएनच्या पलीकडे. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही!

सुटका हातानेच. ऑफिसच्या लॅपटॉपवर तारीख बदलायला अ‍ॅडमिनचा अधिकार लागतो, तो भाचीकडे नव्हता. मग लॅपटॉप सुरू होतानाच बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, शिरून फोनवर बघून तारीख आणि वेळ टाकली. दोन-चार मिनिटं इकडेतिकडे चालतात, सर्टिफिकेटच्या मुदती महिन्या-वर्षांच्या असतात. सालाकडे मात्र नीट बघायचं. व्हीपीएन पहिल्याच झटक्यात लागलं आणि मग उरलेली मिनिटं ऑफिसच्या सर्व्हरने सरळ केली.

दोष घड्याळाचाच आहे हे ओळखायला ब्राउझर उघडावा. व्हीपीएनबरोबर बँक, ईमेल, सगळीकडे `NET::ERR_CERT_DATE_INVALID` आलं तर घड्याळ बघा. बाकी सगळं सुरळीत आणि तारीखही बरोबर असूनही फक्त व्हीपीएन रडत असेल, तर ऑफिसच्याच सर्टिफिकेटची मुदत संपलेली असू शकते. मग फोन आयटीवाल्यांना.

आणि बंद लॅपटॉपमध्ये घड्याळ चालू राहतं का, हे बघायचं असेल तर रात्री लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढून ठेवायचा, सकाळी नेट न जोडता सुरू करून तारीख बघायची. भाचीची बरोबर निघाली. तिच्या लॅपटॉपला सेल नव्हताच, फक्त बॅटरी उतरली होती.