लेखापरीक्षणातील बदललेले अभिप्राय

हिशेब 'सत्य आणि वाजवी' चित्र दाखवतात, असे ऑडिटरला म्हणता येत नाही, तेव्हा क्वालिफाइड, अ‍ॅडव्हर्स किंवा डिस्क्लेमर यांपैकी एक अभिप्राय द्यावा लागतो. भारतात यासाठी एसए ७०५ हे मानक आहे. निवड दोन प्रश्नांवर ठरते: चूक सापडली आहे की पुरावाच मिळालेला नाही? आणि तिचा परिणाम एका कोपऱ्यापुरता आहे की साऱ्या हिशेबांत पसरलेला?

इचलकरंजीतील एक काल्पनिक कापड कंपनी घेऊ. करपूर्व नफा १ कोटी. गोदामात ६० लाखांना पडलेला जुन्या डिझाइनचा माल आहे. विक्रीचा खर्च वजा जाता त्याचे ३५ लाखच येतील. साठा खरेदी किंमत आणि विक्रीतून हाती येणारी रक्कम यांपैकी कमी आकड्याला दाखवायचा असतो. मालक २५ लाखांची घट धरायला तयार नाहीत. चूक मोठी आहे, पण तिची जागा आणि रक्कम दोन्ही सांगता येतात. म्हणून क्वालिफाइड: 'एवढे वगळता' बाकी हिशेब ठीक.

आता समजा, बँकेने गोदाम ताब्यात घेतले आहे, संचालकांनी धंदा गुंडाळायचे ठरवले आहे, तरीही ताळेबंद चालत्या धंद्याचा म्हणून मांडला आहे. इथे यंत्रे, साठा, देणी, सगळ्यांचीच मांडणी चुकते. 'एवढे वगळता' म्हणायला काही उरत नाही. हा अ‍ॅडव्हर्स: हिशेब खरे चित्र दाखवत नाहीत, असे सरळ सांगायचे.

पुराव्याची अडचण वेगळी. ऑडिटरची नेमणूक मे महिन्यात झाली, त्यामुळे ३१ मार्चची मोजणी पाहता आली नाही. अशा वेळी आज माल मोजून आवक-जावक नोंदींवरून मागे हिशेब लावतात. पण ४० लाखांच्या एका गोदामात त्या नोंदीच नव्हत्या. आकडा चूक आहे असे नाही, तो तपासता आला नाही, म्हणून क्वालिफाइड. मात्र पंचगंगेच्या पुरात गोदाम, वह्या आणि संगणक सगळेच गेले, ग्राहकांकडून येणे-बाकीला दुजोराही आला नाही, तर डिस्क्लेमर: अभिप्राय देत नाही.

डिस्क्लेमर ही पळवाट होऊ शकत नाही. पुरावा हातात असून हिशेब खोटे दिसत असतील, तर मालक दुखावू नयेत म्हणून 'मत देत नाही' म्हणणे चूकच. डिस्क्लेमर देतानाही माहीत असलेली मोठी चूक कारणांच्या परिच्छेदात लिहावी लागते. आणि अ‍ॅडव्हर्स किंवा डिस्क्लेमर दिल्यावर त्याच अहवालात 'रोकड मात्र बरोबर आहे' असे सुटे प्रशस्तिपत्र देता येत नाही. मालकांची पहिली विनंती बहुधा तीच असते.