केसाला चिकटून आलेली भिंत

मोकळे केस सोडलेल्या मुलीचा फोटो पांढऱ्या भिंतीसमोर काढलाय आणि आता मागे गडद मरून रंग हवा आहे. चेहरा, खांदे, साडीचा काठ पटकन कापून होतात. घोडं अडतं ते कानाजवळ सुटलेल्या बटांपाशी. कितीही जपून कापलं तरी केसांभोवती पांढुरकी किनार उरतेच.

कारण तिथे कापायला कडाच नसते. समजा, फोटोत वरपासून खालपर्यंत ८० सेंटिमीटरचा भाग आलाय आणि त्या उंचीत ४००० पिक्सेल आहेत. म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला ०.२ मिलिमीटर येतो. केस साधारण ०.०८ मिलिमीटर जाडीचा. सुटा केस एक पिक्सेलही पुरता भरत नाही. त्या ठिपक्यात ४० टक्के केस आणि ६० टक्के भिंत, दोन्ही एकाच रंगात मिसळून गेलेले असतात. तो ठेवला तर भिंत येते, टाकला तर केस जातो. म्हणून प्रत्येक पिक्सेलमध्ये केस किती, हे ठरवावं लागतं. या प्रमाणालाच अल्फा म्हणतात.

आकड्यांत पाहू. उजेड ० ते १०० असा मोजला. केस १०, भिंत ९०, आणि मिसळलेला पिक्सेल ५८. भिंतीपासून तो ३२ ने उतरलाय, पूर्ण केस असता तर ८० ने उतरला असता. ३२ भागिले ८०, म्हणजे अल्फा ०.४.

आता हाच पिक्सेल ३० उजेडाच्या मरून रंगावर ठेवू. केसाचे १० गुणिले ०.४ आणि मरूनचे ३० गुणिले ०.६, बेरीज २२. हे बरोबर उत्तर. पण बहुतेक वेळा अल्फा नीट काढूनही पिक्सेलचा रंग जुनाच, ५८, राहतो. मग बेरीज ४१ च्या वर जाते. केस १०, मागचा रंग ३०, आणि मधला ठिपका दोन्हींपेक्षा उजळ! हीच ती पांढुरकी किनार. मला तरी हा सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो: पारदर्शकता जमली तरी रंगातली भिंत वेगळी काढावी लागते.

फोटोशॉपमध्ये `Select and Mask` मधलं `Decontaminate Colors` हेच करतं, कडेच्या पिक्सेलना आतल्या भरीव केसांचा रंग देतं. हातानेही जमतं. कापलेल्या लेयरवर नवा लेयर घेऊन त्याला क्लिपिंग मास्क करायचा, दाट केसांतला रंग उचलायचा आणि मऊ ब्रशने फक्त किनारीवर फिरवायचा. पारदर्शकता तशीच राहते, रंग तेवढा बदलतो. मध्येच मागे एकदा काळा आणि एकदा पांढरा रंग भरून पाहावा. काळ्यावर किनार दिसते, पांढऱ्यावर तुटलेले केस दिसतात.

हे सगळं चाललं, कारण भिंत एकरंगी होती आणि केसांपेक्षा खूप उजळ होती. काळ्या केसांमागे काळपट कपाट असेल, केस १० आणि कपाट १२, तर भागायला फरक उरतो फक्त २. कॅमेऱ्यातले बारीक दाणे त्याहून मोठे असतात. अशा फोटोत सुटे केस मिळतच नाहीत, ते बारीक ब्रशने एकेक करून पुन्हा काढावे लागतात.