शुगर फ्रीची गोळी, आणि पदराला बांधलेली साखर

नवरात्रात तुळजापूरची वाट पायी चालणाऱ्यांत शुगर असलेली माणसंही असतात. समजा, औशाकडची साठीतली एक बाई निघालीय. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि उपवास म्हणून पोटात नुसता चहा, तोही शुगर फ्री टाकलेला. दोन-तीन तासांत हात थरथरू लागतात, दरदरून घाम फुटतो, बोलणं अडखळतं. सोबतच्या बाया तिला पुन्हा चहा देतात आणि शुगर आहे म्हणून आठवणीनं त्यातही शुगर फ्रीच टाकतात.

त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग पोटात अन्न असो वा नसो. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की तिथं ग्लुकोजच पोचावं लागतं आणि शुगर फ्रीचा गोडवा जिभेवरच संपतो. अशा वेळी तीन चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून द्यायची. १५ मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. पेढा नको, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठायचा.

एक बारकावा मात्र बऱ्याच घरांत माहीत नसतो. शुगरच्या गोळीत व्होग्लिबोज असेल तर आतड्यात साखर फुटायलाच वेळ लागतो. ही गोळी घेणाऱ्यांना साखर नव्हे, ग्लुकोजची पावडर हवी. पाकिटावर घटकांची नावं असतात, ती निघण्याआधीच वाचून ठेवावीत.

एरवी घरच्या चहाचं गणित वेगळं. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे धरले तरी ४० ग्रॅम साखर होते. शुगर असलेल्यानं तिच्याजागी शुगर फ्री घेतलं तर फायदाच आहे. गूळ हा काही त्यावरचा उतारा नव्हे, तोही बहुतेक साखरच. शुगर फ्रीत सुक्रालोज असेल तर ते साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असतं आणि उकळत्या चहात टिकतं, पण भट्टीत भाजायच्या पदार्थांत मी तरी ते घालणार नाही. शुगर फ्रीच्या काही गोळ्यांत ॲस्पार्टेम असतं. ते उकळलं की गोडी जाते, म्हणून चहा कपात गाळल्यावर टाकावं. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी ॲस्पार्टेमला हातही लावू नये. स्टेव्हियाची चव मागाहून थोडी कडवट लागते, एवढंच. तिचा शुद्ध केलेला अर्क तपासलेला आहे. कुंडीतल्या पानांच्या चूर्णाबद्दल तसं म्हणता येत नाही. सुट्या पावडरीत, मग ती स्टेव्हियाची असो वा सुक्रालोजची, वजन भरायला माल्टोडेक्स्ट्रिन मिसळलेलं असू शकतं आणि ते साखर वाढवतं. चमच्यानं ढीगभर घालणाऱ्यानं डब्यामागची यादी बघावी.

शुगर नसताना केवळ वजन उतरवायला या गोळ्या घेणाऱ्यांना जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये त्यावर विसंबू नका असं सांगितलंय. त्यांनी चहातला एक चमचा कमी केला तरी पुष्कळ.