भाडे-परतावा (कोकण किनाऱ्यावरील सदनिका)

सदनिकेत गुंतवलेल्या एकूण रकमेवर वर्षाकाठी भाड्यातून किती टक्के हाती पडते, ते प्रमाण म्हणजे भाडे-परतावा. वर्षाच्या भाड्याला नुसत्या खरेदी किमतीने भागले की ढोबळ परतावा मिळतो. प्रत्यक्ष जमा झालेल्या भाड्यातून सारा खर्च वजा करून उरलेल्या रकमेला एकूण गुंतवणुकीने भागले की निव्वळ परतावा मिळतो. दलाल सांगतो तो आकडा बहुधा पहिला असतो. रत्नागिरी, मालवण, अलिबाग अशा गावांत एखादाच फ्लॅट भाड्याने देणाऱ्याचे पोट मात्र दुसऱ्यावर चालते आणि या दोहोंतले अंतर किनाऱ्यावर बरेच मोठे असते. कारण इथे रिकामे महिने आणि डागडुजी हे दोन वेगळे खर्च राहत नाहीत, पावसाळ्यात ते एकमेकांना वाढवतात.

भाडेकरू बदलण्याचा हंगाम इथे ठरलेला आहे. बँकेतले, शाळा-कॉलेजातले, सरकारी खात्यांतले लोक हे लहान शहरांतले भरवशाचे भाडेकरू. त्यांच्या बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात आणि मुलांची शाळा जूनच्या मध्याला सुरू होते. मे अखेरीस रिकामी झालेली जागा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात गेली तर गेली. नंतर पावसात घर बघत फिरणारे कमी, आणि मग विचारणा गणपती उलटल्यावरच पुन्हा सुरू होते. म्हणून वर्षाला सरासरी एक महिना रिकामा धरावा, हा शहरी हिशेब इथे फसवा ठरतो. दोन-तीन वर्षे जागा अखंड भरलेली असते आणि मग सलग चार महिने कुलूप लागते. हिशेब त्यामुळे एका वर्षाचा न करता निदान तीन वर्षांचा करावा.

त्या चार महिन्यांत बंद घराचे काय होते, हे सप्टेंबरात कुलूप उघडताना कळते. लॅच गंजून किल्ली फिरत नाही. दार उघडताच कुबट वास येतो. पश्चिमेच्या भिंतीवर झड बसून रंगाचे पोपडे सुटलेले असतात, कपाटामागे काळी-हिरवी बुरशी चढलेली असते, संडासाचे दार फुगून चौकटीत घासते. खिडकीच्या ग्रिलवर नख फिरवले तर गंजाची खपली निघते, कारण खारा वारा रंगाच्या बारीकशा चिरेतूनही लोखंडापर्यंत पोचतो. माणूस राहत असता तर पंखे फिरले असते, उघडीप मिळताच खिडक्या उघडल्या असत्या आणि छताला ओल दिसताच फोन आला असता. रिकाम्या घरात गळती पहिल्या दिवशी दिसत नाही, ती शंभराव्या दिवशी दिसते.

आता एक उदाहरण. आकडे नमुन्याचे आहेत, वाचकाने आपले घालावेत. रत्नागिरीत २४ लाखांना घेतलेला वन बीएचके. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरून १,४४,०००, नोंदणी फी १ टक्का (तिची कमाल मर्यादा ३०,०००) म्हणजे २४,०००, आणि ग्रिल, पंखे, गीझर, वकील मिळून ८२,०००. एकूण गुंतवणूक २६,५०,००० रुपये. भाडे महिना ९,०००, तीन वर्षे तेवढेच धरू. २४ लाखांवर वर्षाचे १,०८,००० म्हणजे ढोबळ परतावा ४.५ टक्के.

पहिला भाडेकरू अकरा-अकरा महिन्यांचे दोन करार करून २२ महिने राहिला. नंतर जागा चार महिने रिकामी आणि पुढचे दहा महिने दुसरा भाडेकरू. ३६ पैकी ३२ महिन्यांचे भाडे आले, २,८८,००० रुपये. खर्चात सोसायटीचा मेंटेनन्स महिना ८०० प्रमाणे २८,८०० रुपये, आणि तो रिकाम्या महिन्यांतही भरावाच लागतो. भाडेकरू असताना, मालक स्वतः राहत नाही म्हणून, सोसायटी त्याशिवाय बिनभोगवटा शुल्क लावते. शासनाच्या आदेशानुसार ते मेंटेनन्समधल्या सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. बिलात जास्त दिसले तर सेक्रेटरींना जरूर विचारावे. ३२ महिन्यांचे ते १,६०० होते. घरपट्टी ७,५००. दलाली प्रत्येक भाडेकरूमागे एक महिन्याचे भाडे, १८,०००. लिव्ह अँड लायसन्सचे तीन करार नोंदवण्याचे ६,०००. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार ही नोंदणी करणे मालकाची जबाबदारी आहे, त्यामुळे हा खर्च टाळण्यातला नव्हे. भाडेकरू बदलताना रंग २२,०००, बंद काळातल्या ओलीची व गंजाची दुरुस्ती १२,०००, किरकोळ नळ-वायरिंग ९,०००. शिवाय गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची वर्गणी, बाहेरचा रंग अशा मोठ्या कामांसाठी वर्षाला ६,००० बाजूला, म्हणजे १८,०००.

बेरीज १,२२,९००. उरले १,६५,१००, म्हणजे वर्षाला सुमारे ५५,०००. २६.५ लाखांवर निव्वळ परतावा सुमारे २.१ टक्के. साडेचारचे अर्ध्याहून कमी झाले.

आता याच फ्लॅटमध्ये एकच गोष्ट बदलू. मालकाने जूनच्या पहिल्या आठवड्यात ‘नऊच हवेत’ हा हट्ट सोडून ८,५०० ला जागा दिली आणि ती एकच महिना रिकामी राहिली. भाडे आले ३,०८,५००. ओलीचे १२,००० वाचले, एक करार वाढला आणि बिनभोगवटा शुल्क थोडे वाढले. तीन वर्षांत सुमारे ३०,००० रुपये जास्त उरले आणि परतावा जवळपास २.५ टक्क्यांवर गेला. भाड्यातले पाचशे सोडणे किनाऱ्यावर बहुतेक वेळा शहाणपणाचे असते, आणि ते मेमध्येच ठरवावे लागते. नोटीस आली की आगोटीच्या कामांतच ग्रिलला रेड ऑक्साइड, खिडक्यांच्या कडांना सिलिकॉन आणि गच्चीची तपासणी उरकावी. जागा नाहीच गेली तर पंधरा दिवसांनी कुणीतरी दार उघडून पंखे लावील, एवढी व्यवस्था करावी. त्याचे चार पैसे द्यावे लागले तरी खर्चात ते आनंदाने धरावेत.

या हिशेबात डिपॉझिट उत्पन्न म्हणून धरायचे नाही, ते परत द्यायचे असते. प्राप्तिकरही यात नाही. करासाठी भरलेली घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, मग दुरुस्तीला प्रत्यक्ष कितीही लागो. वरच्या उदाहरणात खर्च भाड्याच्या ४० टक्क्यांहून जास्त आहे, म्हणजे हातात न आलेल्या काही रकमेवरही कर बसतो.

फ्लॅट जुना असेल तर कोणत्या रकमेने भागायचे, हा प्रश्न उरतो. बारा लाखांत घेतलेल्या आणि आज चोवीस लाखांना जाणाऱ्या फ्लॅटमधून वर्षाला ५५,००० उरत असतील, तर जुन्या किमतीवर ४.६ टक्के दिसतात आणि आजच्या किमतीवर २.३. आपली खरेदी कशी ठरली ते पहिला आकडा सांगतो. फ्लॅट ठेवावा की विकून पैसा दुसरीकडे लावावा, हे ठरवताना दुसराच घ्यावा, आणि तोही विक्रीवरचा कर व दलाली वजा करून हाती येईल त्या रकमेवर काढावा.