टक्केवारी दिसली की ‘एक्सेप्शन’ लिहू नका

बारावीच्या बिझनेस स्टडीजमधल्या नियंत्रणाच्या प्रकरणात क्रिटिकल पॉइंट कंट्रोल आणि मॅनेजमेंट बाय एक्सेप्शन या दोन संकल्पना लागोपाठ येतात. उताऱ्यावरच्या प्रश्नात मग हमखास गोंधळ होतो. विचलन म्हणजे काय, प्रमाणक म्हणजे काय, नियंत्रणाच्या पाच पायऱ्या कोणत्या, हे तुम्हाला येतं असं धरून पुढे जाऊ. दोन्हींचा हेतूही एकच, व्यवस्थापकाचा वेळ वाचवणं, म्हणून त्यावरही शब्द खर्च करत नाही.

गोंधळाची सुरुवात पाठ्यपुस्तकापासूनच होते. एनसीईआरटीच्या पुस्तकात दोन्ही चौथ्या पायरीत, म्हणजे विचलनांच्या विश्लेषणात, एकाच ठिकाणी दिल्या आहेत. वाचणाऱ्याला वाटतं, विचलन सापडल्यावर वापरायची ही दोन पर्यायी हत्यारं आहेत. यातलं एक निवडायचं. प्रत्यक्ष कामात मात्र क्रिटिकल पॉइंट बराच आधी ठरतो, प्रमाणकं ठरवतानाच. लक्ष कुठे ठेवायचं, हे तो सांगतो. तिथे किती घसरण झाली की वर कळवायचं, हे एक्सेप्शन सांगतं. पहिल्यात दोन वेगवेगळ्या कामांची तुलना असते, दुसऱ्यात एकाच कामाची त्याच्या स्वतःच्या मर्यादेशी.

आता तो प्रसिद्ध सापळा. मजुरीचा खर्च 5 टक्क्यांनी वाढणं हे टपालखर्च 15 टक्क्यांनी वाढण्यापेक्षा जास्त त्रासदायक असू शकतं, हे पुस्तकातलंच उदाहरण. टक्केवारी दिसली की मुलं डोळे मिटून एक्सेप्शन लिहितात. उत्तर आहे क्रिटिकल पॉइंट. इथे कुठलीही मान्य मर्यादा दिलेली नाही. मजुरी आणि टपाल ही दोन कामं शेजारी ठेवून कोणतं जास्त महत्त्वाचं एवढंच सांगितलं आहे. याउलट ‘मजुरीत 2 टक्के वाढ चालेल, त्यापुढची वाढच व्यवस्थापकाकडे न्यायची’ असं असेल तर ते एक्सेप्शन. काम एकच आणि त्याला चालेल-न चालेलची रेघ. आकडे दोन्हीकडे आहेत, त्यामुळे आकड्यांवरून काहीच कळत नाही. रेघ शोधायची.

‘सगळ्यावर नियंत्रण ठेवायला गेलं की कशावरच राहत नाही’ या वाक्यावरून ओळखायची सवयही सोडा. पुस्तकाने ते एक्सेप्शनला जोडलं आहे म्हणून व्याख्येत जरूर लिहा, पण ते दोन्हींना लागू पडतं. उताऱ्यात ते कुणाच्या तोंडी घातलेलं असेल तर पुढची ओळ वाचल्याशिवाय उत्तर देऊ नका.

एकाच ठिकाणी दोन्ही कसं चालतं ते बघण्यासाठी पिशवीबंद दूध विकणारी डेअरी घेऊ. समजा रोज 10,000 लिटर टोन्ड दूध निघतं. टोन्ड दुधात फॅट किमान 3 टक्के आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, किमान 8.5 टक्के लागतं, हा नियम. डेअरीत मोजण्यासारखं पुष्कळ असतं: फॅट, पाश्चरायझरचं तापमान, पिशवीतलं माप, क्रेट धुण्याचा साबण, कार्यालयाची स्टेशनरी.

या महिन्यात स्टेशनरी 5,000 ऐवजी 6,000 रुपयांची लागली, म्हणजे 20 टक्के जास्त. फॅट 3.0 ऐवजी 3.1 गेलं, मूळ आकड्याच्या हिशेबात वाढ जेमतेम सव्वातीन टक्के. वरवर पाहणारा स्टेशनरीवर तुटून पडेल. पण 10,000 लिटर दुधाचं वजन साधारण 10,300 किलो. त्याचा 0.1 टक्का म्हणजे 10.3 किलो फॅट रोज गिऱ्हाइकाला फुकट. फॅटचा भाव किलोला 500 रुपये धरला तर दिवसाला 5,150 रुपये आणि महिन्याला दीड लाखाच्या वर. म्हणून फॅट हा क्रिटिकल पॉइंट आणि स्टेशनरी नाही. विचलन घडायच्या आधीही हे माहीत असतं. व्यवस्थापक ते पहिल्याच दिवशी ठरवू शकतो, आणि त्याने तसं ठरवायला हवं.

फॅटवर लक्ष ठेवायचं ठरल्यावर एक्सेप्शनचा प्रश्न येतो. समजा वरच्या बाजूला 3.08 पर्यंत चालेल असं ठरवलं. खालच्या बाजूला सूट शून्य, कारण 3.0 च्या खाली गेलेलं दूध टोन्ड म्हणून विकताच येत नाही. पाठ्यपुस्तकी उत्तरांमध्ये मर्यादा बऱ्याचदा दोन्ही बाजूंना सारखी काढलेली असते, आणि ते चिडवणारं आहे. खऱ्या मर्यादा बहुधा एकांगी असतात. मग 3.06 आलं तर शिफ्टचा सुपरवायझर नोंद करून पुढे जातो. 3.14 आलं तर उत्पादन व्यवस्थापकाला कळवतो. 2.95 आलं तर आधी बॅच थांबवतो आणि मग फोन करतो. पाश्चरायझरवर तर हे काम यंत्रच करतं: दूध 72 अंश सेल्सिअसला 15 सेकंद राहायला हवं, आणि तापमान खाली आलं की व्हॉल्व्ह ते दूध आपोआप मागे वळवतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. एक्सेप्शन म्हणजे मोजमाप कमी करणं नाही. फॅट प्रत्येक बॅचचं तपासलं जातंच; गाळणी लागते ती वर जाणाऱ्या अहवालाला. ‘व्यवस्थापक फक्त मोठी विचलनं मोजतो’ असं लिहिलेलं उत्तर चूक आहे, कारण मोजल्याशिवाय मोठं-लहान कळणार कसं? तसंच स्टेशनरी क्रिटिकल नाही म्हणजे ती वाऱ्यावर सोडली असंही नाही. ती हिशेबनीस बघतो.

दोन्हींपैकी एकच वापरलं की काय होतं तेही दिसतं. क्रिटिकल पॉइंट न ठरवता सगळ्या बाबींवर सरसकट 5 टक्क्यांची रेघ मारली, तर साबण आणि स्टेशनरीच्या तक्रारींनी टेबल भरेल. फॅटची सव्वातीन टक्क्यांची वाढ मात्र रेघेच्या आत राहून दीड लाख घेऊन जाईल, कुणाला पत्ताही लागणार नाही. उलट, क्रिटिकल पॉइंट ठरवले पण मर्यादा दिली नाही, तर सुपरवायझर 3.02 साठीही फोन करेल.

एक्सेप्शनचा एक दोष परीक्षेत क्वचितच विचारतात, पण कामावर तोच भोवतो. फॅट सोमवारी 3.02, मंगळवारी 3.04, बुधवारी 3.06, गुरुवारी 3.07. एकही आकडा रेघेबाहेर नाही, म्हणून एकही वर गेला नाही, आणि तरी स्टँडर्डायझेशन, म्हणजे दुधातलं फॅट ठरलेल्या पातळीवर आणण्याचं काम, बिघडत चाललं आहे हे उघड आहे. म्हणून रेघेसोबत दुसरा नियम ठेवतात: आकडे सलग एकाच दिशेला सरकत राहिले, समजा सलग सात वेळा, तर मर्यादेत असले तरी कळवायचं.

एक्सेप्शनची कल्पना फ्रेडरिक टेलरची, 1903 मधली. त्याने वाईटाबरोबर विशेष चांगले अपवादही व्यवस्थापकापुढे ठेवायला सांगितलं होतं. हा अर्धा भाग आपल्या गाइडांतून गळाला आहे. प्रश्नात ‘ठरवलेल्या मर्यादेपेक्षा खर्च खूपच कमी आला, तर कळवायचं का?’ असं आलं, तर उत्तर हो. डेअरीत फॅट महिनाभर रोज नेमकं 3.00 लागत असेल, तर सुपरवायझरचं कौतुक करण्याआधी तपासणी खरंच होते आहे का हे बघायला जावं.