‘नोटेड.’ म्हणजे बायर चिडला का?

असं समजा, की पिंपळगाव बसवंतच्या एका निर्यातदाराचा द्राक्षांचा रीफर कंटेनर रॉटरडॅमला पाच दिवस उशिरा लागणार आहे. जहाजच उशिरा सुटलं. त्यानं डच बायरला कारणं सांगणारा, दिलगिरी व्यक्त करणारा लांबलचक मेल पाठवला. रात्री दहाला उत्तर आलं: ‘नोटेड. प्लीज सेंड लोडिंग टेम्परेचर्स.’ वर नाव नाही, खाली रिगार्ड्स नाही. पॅकहाऊसचं ऑफिस सांभाळणारा मुलगा लगेच म्हणतो, “दादा, गडी तापलाय. क्लेम लावणार बघा.”

लावेलही. पण या ओळीवरून ते कळतं का?

लिखित मजकुरातून सूर ओळखण्यात आपण किती कच्चे आहोत, हे जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसतं. काही वाक्यं उपरोधानं आणि काही गंभीरपणे लिहून पाठवायची, आणि घेणाऱ्यानं ओळखायचं. ईमेलनं पाठवणाऱ्यांचा अंदाज होता की सुमारे 78 टक्के वेळा समोरच्याला बरोबर कळेल. प्रत्यक्षात 56 टक्के वेळाच कळलं, म्हणजे नाणं उडवून सांगण्यापेक्षा थोडंसंच बरं. तीच वाक्यं आवाजात ऐकवली तेव्हा निकाल बराच सुधारला. गंमत म्हणजे वाचणाऱ्यांनाही आपण बरोबरच ओळखलं असं वाटत होतं.

मग सुराचा नाद सोडून हिशोब करू. इथे दोन गोष्टी लागतात: असा उशीर झाला की हा बायर किती वेळा चिडतो, आणि चिडलेला नसतानाही तो किती वेळा तुटक लिहितो. दुसरी गोष्ट आपण हमखास विसरतो.

आकडे मानलेले घेऊ. असे शंभर उशीर झाले आणि त्यांतल्या दहा वेळा बायर खरोखर चिडला. चिडला की दहापैकी आठ वेळा तो तुटक लिहितो. आता त्याचे जुने मेल उघडले, तर सगळं सुरळीत असतानाही दहातले सात मेल एका ओळीचेच निघतात. म्हणजे उरलेल्या नव्वद वेळांतही 63 उत्तरं तुटकच येणार. एकूण तुटक उत्तरं 71, त्यांत रागाची आठ, म्हणजे साधारण अकरा टक्के. मेल येण्याआधी शंका दहा टक्के होती. त्या ओळीनं जवळपास काहीच सांगितलं नाही.

आता दुसरा बायर घ्या. हा एरवी हवामानाची, मुलाबाळांची चौकशी करतो आणि वीस मेलांत एखादाच तुटक लिहितो. राग आला की मात्र निम्म्या वेळा तुटक. चिडलेल्या दहातले पाच आणि न चिडलेल्या नव्वदातले साडेचार. त्याच्याकडून तीच ओळ आली, तर शंका दहावरून थेट पन्नास टक्क्यांच्या पुढे जाते. तरीही ती खात्री नाहीच.

त्यामुळे तुलना करायची ती त्याच माणसाच्या जुन्या मेलांशी. आपल्या नम्रपणाशी केली तर प्रत्येक डच माणूस रागावलेलाच दिसेल. शिवाय त्याच परिस्थितीतले मेल काढावेत: मागच्या हंगामात कंटेनर उशिरा गेला तेव्हा त्यानं काय लिहिलं होतं? वेळही पाहावी. हिवाळ्यात नेदरलँड्स आपल्या साडेचार तास मागे असतं, म्हणजे नाशिकचे रात्रीचे दहा म्हणजे तिथले संध्याकाळचे साडेपाच. घरी निघालेला माणूस फोनवर अंगठ्यानं दोन शब्द टाकतो, तिथे रिगार्ड्स कुठून येणार?

पूर्णविरामावरूनही लोक घाबरतात. बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या 2016 च्या अभ्यासात एका शब्दाच्या टेक्स्ट उत्तरापुढे पूर्णविराम असला, तर ते वाचणाऱ्यांना कमी मनापासूनचं वाटलं. पण तो प्रयोग अमेरिकी कॉलेजातल्या मुलांवर होता. ऑफिसच्या मेलला पूर्णविराम असायचाच, त्यातून काही काढू नये.

माझ्या मते त्या मेलमधला खरा दखल घेण्याजोगा भाग दुसरा आहे: टेम्परेचर्स. माल खराब निघाला तर दोष लोडिंगचा की प्रवासाचा, हे ठरवायला कंटेनर भरताना मोजलेलं द्राक्षाच्या गराचं तापमान लागतं. हा बायर ते प्रत्येक कंटेनरला मागत असेल, तर नेहमीचं काम. पहिल्यांदाच मागितलं असेल, तर तो क्लेमची तयारी करतोय किंवा निदान मालाची काळजी करतोय. सर्व्हेअरचा उल्लेख, सीसीत अचानक आलेला इन्शुरन्सचा माणूस, ‘आम्ही आमचे हक्क राखून ठेवतो’ छापाचं वाक्य ही नाराजीची खरी लक्षणं. आणि असा मेल बहुधा तुटक नसतो. चांगला लांब, तारखांसकट, औपचारिक असतो.

“रागावलात का?” असं मात्र विचारू नये, त्याचं उत्तर ‘नो’ असंच येतं. लोडिंगचा तापमान तक्ता त्याच रात्री पाठवावा आणि खाली एकच प्रश्न टाकावा: माल उतरल्यावर तपासणी नेहमीप्रमाणे तुमच्याच कोल्ड स्टोअरमध्ये होणार, की सर्व्हेअर बोलावणार? सकाळी फोन करून तोच विचारला तर आणखी चांगलं, कारण फोनवर सूरही ऐकू येतो.